पेपर जेंडर-इन्क्लुझिव्ह, पण बायबलच्या कोटमध्ये ‘सन्स’ लिहिलंय: एडिट करताना नेमकं काय करायचं

मी थिऑलॉजीचे इंग्रजी पेपर कॉपीएडिट करते. या कामातला माझा पहिला पराक्रम आधी सांगून टाकते. जर्नलची अट होती की भाषा जेंडर-इन्क्लुझिव्ह, म्हणजे बायका-पुरुष सगळ्यांना सामावणारी पाहिजे, मग मी काय केलं तर वर्डमध्ये फाइंड-रिप्लेस उघडलं, ‘मेन’च्या जागी ‘पीपल’ टाकलं आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. पूर्ण शब्दच शोधायचा ती टिक द्यायची राहिली, त्यामुळे प्रार्थनेतल्या ‘आमेन’चंसुद्धा ‘आपीपल’ झालं. ते लगेच दिसलं म्हणून निस्तरता आलं. जे लगेच दिसलं नाही ते जास्त वाईट होतं, लेखकाने अवतरण चिन्हात दिलेली बायबलची वचनंसुद्धा मी बदलून ठेवली होती. म्हणजे खाली छापील भाषांतराचं नाव आणि वर त्या भाषांतरात कुठेच नसलेलं वाक्य. याला एडिटिंग म्हणत नाहीत, खोटं अवतरण म्हणतात.

त्यानंतर हळूहळू एक पद्धत बसली, ती खाली लिहितेय. उदाहरण सगळीकडे एकच घेते, नव्या करारातल्या, पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राचा ३रा आणि ४था अध्याय, कारण त्यात या कामातले जवळजवळ सगळे पेच एकाच ठिकाणी सापडतात.

बसायच्या आधी जवळ काय पाहिजे

- जर्नलची किंवा कॉलेजची भाषेबद्दलची गाइडलाइन, पूर्ण वाचलेली. बहुतेक वेळा तिच्यात अवतरणांबद्दल एखादी ओळ असते आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही.
- लेखकाने वापरलेल्या बायबलच्या कॉपीराइट पानाचा फोटो. नुसतं नाव पुरत नाही, का ते पुढे येईल.
- मूळ ग्रीक किंवा हिब्रू शब्द दाखवणारी साइट. `biblehub.com` वर इंटरलिनियर आहे, `stepbible.org` पण चांगली आहे. ग्रीक येत नसेल तरी चालतं, शब्द कुठला आहे एवढं ओळखता आलं की आपलं काम भागतं.
- एक साधी एक्सेल शीट, वचन, भाषांतर, मूळ शब्द आणि निर्णय अशा चार कॉलमची.

१. आधी तीन रंग करा

पेपरची प्रत घ्या आणि तीन रंगांनी हायलाइट करा. लेखकाचं स्वतःचं लिखाण एका रंगात, अवतरण चिन्हातलं दुसऱ्या, आणि लेखकाने वचन आपल्या शब्दांत सांगितलंय ते तिसऱ्या. इन्क्लुझिव्ह भाषेचा नियम पहिल्या आणि तिसऱ्या रंगाला लागतो, तिथे बिनधास्त ‘मॅनकाइंड’ काढा, ‘ह्युमॅनिटी’ टाका. दुसऱ्या रंगाला तो नियम थेट लागू नाही, कारण ते शब्द लेखकाचे नाहीत. तिथे आपण शब्द बदलत नसतो, फार तर कुठलं भाषांतर घ्यायचं हे बदलतो, आणि तेही लेखकाला विचारून.

तिसऱ्या रंगात एक गंमत होते ती बघा. लेखक अवतरण चिन्ह न देता भाषांतरातलं वाक्य जसंच्या तसं उतरवतो. ते दिसायला पॅराफ्रेज पण असतं अवतरण. संशय आला तर ओळ उचलून सर्च करा.

२. कुठलं भाषांतर, आणि कुठल्या सालचं

सर्वात जास्त घोळ इथे होतो. समजा पेपरच्या सुरुवातीला लिहिलंय की सगळी वचनं एनआयव्ही या इंग्रजी भाषांतरातून घेतली आहेत. कुठल्या एनआयव्हीमधून? १९८४ च्या एनआयव्हीत गलती ३:२६ ला, म्हणजे त्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायातल्या २६व्या वचनात, ‘सन्स ऑफ गॉड’ आहे, २०११ च्या एनआयव्हीत तिथेच ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ आहे. लेखकाकडे घरी जुनी छापील प्रत असते, तुम्ही तपासता ऑनलाइन, तिथे २०११ ची दिसते, आणि तुम्हाला वाटतं लेखकाने चुकीचं उतरवलंय. मी अशा ‘चुका’ सुधारलेल्या आहेत, लेखकाचा मेल आल्यावर परत उलट्या केल्यात.

आरएसव्ही (१९५२) आणि एनआरएसव्ही (१९८९) या भाषांतरांमध्ये पण हाच प्रकार आहे, नावात एका अक्षराचा फरक, पण आधीच्यात ‘सन्स’ आणि नंतरच्यात ‘चिल्ड्रन’. एनआरएसव्हीची २०२१ ची सुधारित आवृत्ती वेगळी, तिचं नाव वेगळं लिहावं लागतं.

आणि जुनं म्हणजे पुरुषी, नवं म्हणजे इन्क्लुझिव्ह असं डोक्यात धरून बसू नका. १६११ च्या किंग जेम्समध्ये ह्याच ३:२६ ला ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ आहे! ग्रीकमध्ये ‘पुत्र’ असूनसुद्धा. आणि पुढे ४:७ ला मात्र त्याच किंग जेम्समध्ये ‘सन’ आहे. तेव्हा अंदाज नको, प्रत्येक वचन उघडून बघायचं.

३. मूळ शब्द कुठला ते बघा

नव्या करारापुरते चार-पाच ग्रीक शब्द ओळखता आले तरी बरंच काम होतं. ‘आन्थ्रोपोस’ म्हणजे माणूस, जुन्या इंग्रजीत त्याचं सर्रास ‘मॅन’ व्हायचं. ‘आनेर’ म्हणजे पुरुष किंवा नवरा. ‘आदेल्फोइ’ म्हणजे भाऊ, पण अनेकवचनात भाऊ-बहीण सगळे त्यात येऊ शकतात. ‘हुइओस’ म्हणजे पुत्र, आणि ‘तेक्नोन’ म्हणजे मूल, लेकरू.

‘आन्थ्रोपोस’चं सोपं आहे, तिथे इन्क्लुझिव्ह भाषांतर घेतलं तर मूळाला धक्का लागत नाही, उलट जवळच जातो. ‘आदेल्फोइ’साठी आजूबाजूचा मजकूर वाचायचा. फिलिप्पैकरांस पत्रात ४:१ ला पौल ‘आदेल्फोइ’ म्हणून हाक मारतो आणि लगेच ४:२ मध्ये युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नाव घेऊन समजावतो, म्हणजे हाकेत बायका होत्याच. अशा ठिकाणी ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ देणारं भाषांतर घ्यायला काहीच हरकत नाही.

‘आनेर’ दिसला की थांबायचं. १ तीमथ्य ३:२ मध्ये अध्यक्षाने एका बायकोचा नवरा असावं अशी अट आहे, तिथे हाच शब्द आहे. वचन पुरुषांबद्दल बोलतंय, ते आपल्याला आवडो न आवडो. त्याला गुळगुळीत करून ‘एकनिष्ठ जोडीदार’ केलं तर लेखक ज्या गोष्टीवर टीका करतोय ती गोष्टच पानावरून गायब होते. आपल्याकडच्या ग्रंथांचंही तेच, गीतेत ९:३२ ला ‘स्त्रियो वैश्यास्तथा शूद्राः’ असं वेगळं काढून म्हटलंय, कुणी भाषांतरात त्याचं नुसतं ‘सर्व लोक’ करून टाकलं तर त्या श्लोकावर वाद कशाला झाला हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

राहिला ‘हुइओस’. तो खरा डोकेदुखी, म्हणून त्याला पुढची अख्खी पायरी.

४. पेपरचा मुद्दा त्याच शब्दावर उभा आहे का

माझ्याकडे आलेला एक पेपर सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवलेत. विषय गलती ३:२६ ते ४:७. लेखिकेने इन्क्लुझिव्ह गाइडलाइन पाळायची म्हणून सगळीकडे एनआरएसव्ही घेतलेली. म्हणजे ३:२६ ला ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’, ४:५ ला ‘अ‍ॅडॉप्शन अ‍ॅज चिल्ड्रन’, ४:६ ला ‘बिकॉज यू आर चिल्ड्रन’, ४:७ ला ‘चाइल्ड’ आणि ‘एअर’ म्हणजे वारस. सगळं नियमात, मी तर खूश झाले, काम कमी.

मग तिचा युक्तिवाद वाचला. ती म्हणत होती की पौल इथे मुद्दाम ‘पुत्र’ शब्द वापरतो. त्या काळच्या रोमन जगात वारसाहक्काची, घराण्याचं नाव पुढे चालवायची भाषा मुलाभोवती फिरायची, ४:५ मधला ‘हुइओथेसिया’ हा दत्तक घ्यायच्या व्यवहारातला शब्द आहे, आणि पौल तो दर्जा ३:२८ मध्ये नाव घेऊन सांगितलेल्या सगळ्यांना, म्हणजे दासांना, यहूदी नसलेल्यांना आणि बायकांना देऊन टाकतो. बायकांना ‘पुत्र’ म्हणणं हाच तिचा मुद्दा होता. आणि तिच्या पेपरमध्ये एकाही अवतरणात ‘पुत्र’ हा शब्द नव्हता! वाचणारा म्हणणार, बाई, तुम्ही म्हणताय तो शब्द आहे कुठे?

म्हणजे भाषांतर इन्क्लुझिव्ह निवडलं आणि पेपरमधला बायकांच्या बाजूचा पुरावाच पुसला गेला. नवख्या एडिटरला हे उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं.

शिवाय ४:६ मध्ये अजून एक गोष्ट हरवते. ग्रीकमध्ये तुम्ही पुत्र आहात म्हणून देवाने आपल्या पुत्राचा आत्मा पाठवला, असा एकाच शब्दाचा धागा आहे. एनआरएसव्हीत आधी ‘चिल्ड्रन’ आणि नंतर ‘सन’ येतं, धागा तुटतो. २०११ च्या एनआयव्हीने इथे मधला रस्ता काढलाय, ३:२६ ला ‘चिल्ड्रन’, पण ४:५ ला ‘अ‍ॅडॉप्शन टू सनशिप’ आणि खाली टीप दिलीय की हा वारस पुत्राच्या कायदेशीर दर्जाचा शब्द आहे, मग ४:६ ला ‘सन्स’, आणि ४:७ ला परत ‘चाइल्ड’. वाचायला बरं आहे पण आमच्या लेखिकेला याचा उपयोग नव्हता, कारण तिचा मुद्दा ३:२६ पासूनच सुरू होत होता.

शेवटी ठरलं ते असं. पूर्ण पेपरसाठी एनआरएसव्हीच ठेवायची. फक्त ३:२६ आणि ४:५-७ एवढी वचनं लेखिकेच्या स्वतःच्या भाषांतरात द्यायची, तिला ग्रीक येत होतं म्हणून हे शक्य झालं, आणि तिथे ‘सन्स’ ठेवायचं. पहिल्या जागी तळटीप, तिच्यात तीन गोष्टी: हे भाषांतर लेखिकेचं आहे, एनआरएसव्हीत इथे ‘चिल्ड्रन’ आहे, आणि ‘सन्स’ ठेवण्याचं कारण अमुक पानावरच्या चर्चेत आहे. लेखिकेच्या स्वतःच्या वाक्यांत मात्र जिथे श्रद्धावंतांबद्दल सरसकट बोलणं होतं तिथे ‘चिल्ड्रन’ आणि ‘एअर्स’ राहिलं, आणि पौलाच्या शब्दाची चर्चा असेल तिथेच ‘सन्स’. रिव्ह्यूअरने यावर एकही प्रश्न विचारला नाही.

आता तोच उतारा दुसऱ्या पेपरमध्ये असता, समजा चर्चमधल्या समानतेवर, आणि ३:२६ नुसतं जाता जाता दिलं असतं, तर एनआरएसव्ही जशी आहे तशी ठेवली असती आणि दोन मिनिटांत पुढे गेले असते. म्हणजे वचन तेच, ग्रीक तेच, पण निर्णय वेगळा, कारण पेपर त्या शब्दाकडून काय काम करून घेतोय ते वेगळं.

५. पर्याय, मी ज्या क्रमाने वापरते त्या क्रमाने

पहिला, आहे तसं राहू देणं. वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा हेच बरोबर असतं.

दुसरा, भाषांतर बदलणं. मूळ शब्द खरंच सर्वांसाठी असेल आणि लेखकाने सवयीने जुनं भाषांतर घेतलं असेल तेव्हा. पण बदललं की त्या वचनावरची लेखकाची पुढची चर्चा परत वाचा, कारण आठ ओळींनंतर तो जुन्या भाषांतरातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून काहीतरी म्हणत असतो. गलती ३:२८ मध्ये हे हमखास होतं. ग्रीकमध्ये पहिल्या दोन जोड्या ‘ना हा ना तो’ अशा आहेत आणि तिसरी ‘नर आणि नारी’ अशी, उत्पत्ती १:२७ च्या ग्रीक भाषांतरातल्या शब्दांसारखी. एनआरएसव्हीने तो ‘अँड’ ठेवलाय, आरएसव्हीत ‘नायदर-नॉर’ आहे. लेखक उत्पत्तीशी नातं जोडत असेल तर भाषांतर बदलल्यावर त्याचा ‘अँड’ जाऊ शकतो.

तिसरा, अवतरण काढून पॅराफ्रेज करणं. वचनातला एखादाच विचार हवा असेल तर हे सगळ्यात सोपं. संदर्भ तसाच राहतो.

चौथा, लेखकाचं स्वतःचं भाषांतर, वर सांगितलं तसं. अट एकच, लेखकाला मूळ भाषा आली पाहिजे. चार इंग्रजी भाषांतरं समोर ठेवून पाचवं तयार करणं म्हणजे स्वतःचं भाषांतर नाही.

पाचवा आणि शेवटचा, चौकटी कंस. ‘ब्रदर्स’च्या पुढे कंसात ‘अँड सिस्टर्स’. नियमाने चालतं, कारण कंस म्हणजे हे आम्ही घातलंय अशी कबुली. पण दर परिच्छेदात चार कंस आले की वाचणाऱ्याला दातात खडा आल्यासारखं होतं. आणि ‘सन्स’च्या पुढे ‘अँड डॉटर्स’ तर मी कधीच घालू देत नाही, कारण २ करिंथ ६:१८ मध्ये पौलाने स्वतः ‘पुत्र आणि कन्या’ असं दोन्ही लिहिलंय. त्याला हवं तिथे तो लिहितो, मग जिथे नाही लिहिलं तिथे आपण घातलं की त्या दोन जागांतला फरकच मिटतो. (त्यात मजा म्हणजे तिथे तो २ शमुवेल ७:१४ च्या वळणाचं वाक्य देतोय, आणि त्या मूळ वाक्यात फक्त पुत्र आहे. म्हणजे अवतरणात कन्या घालायचा उद्योग त्यानेच आधी केलाय. पण त्याला पीअर रिव्ह्यू नव्हता, आपल्याला आहे.)

‘सिक’ नावाचा जो शेरा असतो, मूळातच असं आहे म्हणून, तो धर्मग्रंथाच्या पुरुषवाचक शब्दावर लावू नका. तो चुकीसाठी असतो, आणि इथे तो टोमणा वाटतो.

६. एकवचनाचं अनेकवचन करणारी भाषांतरं

ही वेगळी सांगते कारण इथे बारीक नजर लागते. इंग्रजीतला पुरुषासाठीचा ‘ही’ टाळायचा सोपा उपाय म्हणजे वाक्य अनेकवचनात नेणं. स्तोत्र १:१ ला हिब्रूत एक ‘ईश’ म्हणजे पुरुष आहे, एनआरएसव्हीत तिथे ‘दोज’ झालंय. बहुतेक पेपरना काही फरक पडत नाही. पण स्तोत्र ८:४ बघा, तिथे ‘बेन आदाम’ म्हणजे शब्दशः मानवपुत्र, आणि हेच वचन इब्री लोकांस पत्र २:६ मध्ये येतं आणि पुढे येशूकडे वळतं. एनआरएसव्हीने दोन्हीकडे अनेकवचन केलंय. लेखक ‘मानवपुत्र’ या पदवीबद्दल लिहीत असेल तर हे भाषांतर त्याच्या हातातून विषयच काढून घेतं. पेपरमध्ये ‘सन ऑफ मॅन’ हे शब्द कुठे आहेत ते सर्च करून बघा, असतील तर त्या वचनांना हात लावायच्या आधी लेखकाला मेल टाका.

देवासाठी ‘ही’ वापरायचं की नाही हाही प्रश्न येतो. लेखकाच्या लिखाणात गाइडलाइन असेल तसं, अवतरणात आहे तसं. यावर तुमचं मत असेल तर ते तुमच्यापाशी ठेवा, मी पण माझं ठेवते.

आणि जुन्या लोकांची अवतरणं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला एखादा भाष्यकार किंग जेम्समधलं वचन देतोय, त्याला अजिबात हात नाही. तो दस्तऐवज आहे. त्याच्या आतलं वचन नव्या भाषांतराने बदललेलं मी एकदा पाहिलंय, मेलेल्या माणसाच्या तोंडी शंभर वर्षांनंतरचं बायबल.

७. लेखकाला क्वेरी कशी लिहायची

नुसतं ‘इन्क्लुझिव्ह करावं का?’ असं लिहिलं की उत्तर येतं ‘हो’, आणि आपण परत तिथेच. क्वेरीत अडचण, पर्याय आणि आपली शिफारस तिन्ही पाहिजे. मी साधारण असं लिहिते:

“मॅडम, पान ७ वर गलती ३:२६ एनआरएसव्हीमधून आहे, तिथे ‘चिल्ड्रन’ आहे. पण पान ९ वर आपण ‘पुत्र’ या शब्दावर चर्चा करता, तो शब्द वाचकाला अवतरणात दिसत नाही. दोन मार्ग दिसतात, एक म्हणजे इथे आपलं भाषांतर आणि तळटीप, दुसरा म्हणजे एनआरएसव्ही तशीच ठेवून पान ९ वर ग्रीक शब्द आणि त्याचा शब्दशः अर्थ देणं. मला पहिला बरा वाटतो. आपण सांगाल तसं करते.”

ट्रॅक चेंजेस चालू ठेवूनसुद्धा अवतरणाच्या आत थेट बदल करू नका, बाजूला कमेंटच टाका. लेखक घाईत ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’ करतात.

८. पेपर मराठीत असेल तर

बायबल सोसायटीच्या मराठी ‘पवित्र शास्त्रा’त गलती ३:२६ ला ‘पुत्र’च आहे, त्यामुळे वरच्या लेखिकेला मराठीत लिहायचं असतं तर तिचं काम आयतं झालं असतं. पण मराठीची अडचण दुसरीकडे आहे, आपल्या क्रियापदालाच लिंग चिकटलेलं असतं. योहान ३:१६ ला इंग्रजीत ‘हूएव्हर’ म्हटलं की झालं, मराठीत ‘जो विश्वास ठेवतो’ म्हणावंच लागतं. अवतरणात ते तसंच ठेवायचं, दुसरा इलाज नाही. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र अनेकवचन घ्या, ‘विश्वास ठेवणारे सगळे’, ‘ठेवतात’, कारण ‘ठेवतात’ हे बायकांनाही चालतं आणि पुरुषांनाही. ‘ठेवतो/ठेवते’ असं तिरकी रेघ मारून लिहिलेलं पान मला वाचवत नाही, पण जर्नलने मागितलं तर देते.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल कुणी उद्धृत करत असेल तर ते रमाबाईंचे शब्द म्हणून येतंय, एका बाईने कुठे कुठला शब्द निवडला हाच तिथे अभ्यासाचा विषय असू शकतो. अक्षरसुद्धा बदलायचं नाही, जुनं शुद्धलेखन पण तसंच.

९. शेवटचा फेरा

एक्सेल शीट उघडा आणि प्रत्येक अवतरण छापील किंवा ऑनलाइन भाषांतराशी अक्षर-अक्षर जुळवा, स्वल्पविरामासकट. मग सुरुवातीची भाषांतराची टीप बघा: ‘सर्व वचनं एनआरएसव्हीमधून’ असं अजून लिहिलेलं असतं आणि आपण मध्ये चार ठिकाणी अपवाद केलेले असतात, तिथे ‘अन्यथा नमूद केलं नसेल तर’ घालावं लागतं. भाषांतर बदललं असेल तर त्याची कॉपीराइटची ओळ पण बदलते, ती प्रकाशक ठरवून देतो त्याच शब्दांत द्यायची. प्रूफ आल्यावर परत एकदा फक्त अवतरणं वाचा, कारण जर्नलच्या ऑफिसमध्येही कुणीतरी फाइंड-रिप्लेस घेऊन बसलेलं असतं. मी प्रूफमध्ये पहिला सर्च ‘आमेन’चा मारते.